आवाज येतो, पण चित्र दिसत नाही: टीव्हीच्या बॅकलाइट दुरुस्तीची सेवा सुरू करताना

गेल्या जानेवारीत मी घरातील एका रिकाम्या खोलीत दुरुस्तीची छोटी सेवा सुरू करण्याचे ठरवले आणि ऑगस्टच्या अखेरीस ती नियमितपणे चालू झाली. मधल्या काळात कागदपत्रे, सुट्या भागांची वाट पाहणे, ग्राहकांशी बोलणे आणि हाताला सवय होणे यांत बराच वेळ गेला. असे काही करू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून तो सगळा प्रवास क्रमाने लिहीत आहे.

सुरुवातीला माझ्या यादीत बऱ्याच गोष्टी होत्या. ओळखीच्या लोकांची छोटी उपकरणे मी आधीपासून दुरुस्त करत होते, त्यामुळे मिक्सर, पंखे, वॉशिंग मशीन, टीव्ही आणि जोडीला जुन्या लाकडी खुर्च्यांची डागडुजी असे सगळेच करावे असे वाटत होते. कागद घेऊन हिशोब मांडला तेव्हा लक्षात आले की प्रत्येक प्रकारासाठी वेगळे सुटे भाग साठवावे लागतात आणि वेगळी जागा लागते. खुर्चीला पॉलिश केले की ती वाळेपर्यंत खोली अडते आणि त्या काळात तिथे धुळीला नाजूक असलेले कोणतेही काम करता येत नाही. म्हणून मी एकाच बिघाडावर लक्ष केंद्रित केले: टीव्हीचा आवाज व्यवस्थित येतो, पण पडदा काळा राहतो.

हा बिघाड निवडण्यामागे ठोस कारण होते. एलईडी टीव्हीमध्ये चित्र तयार करणारी काच, म्हणजे पॅनेल, स्वतः प्रकाश देत नाही. तिच्या मागे एलईडी दिव्यांच्या पट्ट्या, म्हणजे बॅकलाइट, असतात आणि त्यांच्या उजेडामुळेच चित्र दिसते. अनेक संचांमध्ये हे सगळे दिवे एकामागोमाग एक, म्हणजे एकसर, जोडलेले असतात. त्यामुळे एक दिवा जळून मार्ग तुटला की संपूर्ण माळ विझते. पॅनेल, मदरबोर्ड आणि पावर सप्लाय धडधाकट असतानाही टीव्ही निकामी झाल्यासारखा दिसतो आणि लोक तो भंगारात देतात. पट्ट्यांच्या पूर्ण संचाची किंमत त्याच आकाराच्या नव्या टीव्हीच्या किमतीचा अगदी लहान हिस्सा असते. याउलट पॅनेलला तडा गेला असेल तर नवे पॅनेल बहुतेक वेळा टीव्हीच्याच किमतीला जाऊन भिडते. म्हणजे एका बाजूला सर्वांत स्वस्त भाग आणि दुसऱ्या बाजूला सर्वांत महाग भाग, आणि स्वस्त भागापर्यंत पोहोचायचे तर महाग भाग सुखरूप उचलून बाजूला ठेवावा लागतो. या कामाची मजुरी खऱ्या अर्थाने त्या उचलण्याचीच असते, हे मी पुढे प्रत्येक ग्राहकाला सांगत आले.

फेब्रुवारीत नोंदणीचा अर्ज केला. राहत्या घरातून व्यवसाय करण्यासाठी जागेच्या मालकाचे संमतिपत्र, वीजजोडणीची प्रत, ओळखपत्र आणि व्यवसायाचे वर्णन एवढे मागितले होते. वर्णनात मी ‘दुरुस्ती आणि नूतनीकरण केलेल्या टीव्हींची विक्री’ असे लिहिले होते, आणि त्यावर काही आठवड्यांनी हरकत आली. जुन्या वस्तू विकत घेऊन पुन्हा विकायच्या असतील तर कोणाकडून काय घेतले याची स्वतंत्र नोंदवही ठेवावी लागेल आणि तो वेगळा प्रकार समजला जाईल, असे खिडकीवरील कर्मचाऱ्यांनी समजावून सांगितले. मी विक्रीचा भाग काढून फक्त सेवेचा अर्ज पुन्हा दिला आणि एप्रिलमध्ये प्रमाणपत्र मिळाले. नियम ठिकाणानुसार बदलतात, तरी एवढे नक्की सुचवेन की अर्ज करण्यापूर्वीच ‘दुरुस्ती’ आणि ‘जुन्या वस्तूंची विक्री’ यांपैकी काय करायचे ते ठरवून ठेवावे. निघालेल्या पट्ट्या आणि फुटलेली पॅनेल कोणाकडे द्यायची हेही तेव्हाच ठरवले. अधिकृतपणे ई-कचरा घेणाऱ्या केंद्राची पावती मी फाइलमध्ये लावते. फार जुन्या एलसीडी टीव्हीमध्ये एलईडीऐवजी बारीक काचेच्या नळ्या असतात आणि त्यांत पारा असतो. असे संच मी घेतच नाही.

प्रमाणपत्राची वाट पाहण्याचा काळ मी सरावात घालवला. तडा गेलेल्या पॅनेलचे टीव्ही भंगाराच्या भावात मिळतात. त्यांचे पॅनेल आधीच गेलेले असल्यामुळे उघडण्याचा आणि काच उचलण्याचा सराव त्यांच्यावर निर्धास्तपणे करता येतो. शिवाय त्यांतून स्क्रू, जोडतारा, उजेड सारखा पसरवणाऱ्या डिफ्युझर शीट आणि चालू स्थितीतील पावर सप्लाय हाती लागतात. ज्यांना हे काम शिकायचे आहे त्यांनी पहिला खर्च यावर करावा. दुसरा खर्च दोन वस्तूंचा: बॅकलाइट टेस्टर आणि काच उचलण्याचे सक्शन कप. टेस्टर म्हणजे ठरावीक, अगदी कमी प्रवाह देणारी पेटी. ती माळेला हवा तेवढा व्होल्टेज आपोआप वाढवते आणि किती व्होल्टवर माळ पेटली ते पडद्यावर दाखवते. प्रवाह कमी असला तरी तिचा व्होल्टेज दोनशेच्या पुढे जाऊ शकतो, म्हणून तिची टोके हातात धरून ठेवू नयेत.

सेवा सुरू झाली आणि असे दिसले की निम्मे निदान फोनवरच होते. मी चार प्रश्न ठरवले. आवाज येतो का? रिमोटने चॅनेल बदलते का? टीव्ही सुरू करताना पडदा क्षणभर उजळून मग काळा होतो का? आणि अंधाऱ्या खोलीत पडद्याला टॉर्च अगदी चिकटवून, तिरका प्रकाश टाकल्यावर मेनूची अक्षरे पुसट दिसतात का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल तर पॅनेलवर चित्र तयार होत आहे आणि फक्त उजेड नाही, हे जवळजवळ निश्चित होते. पडद्यावर उभ्या रेषा असतील, कोळ्याच्या जाळ्यासारखी चीर दिसत असेल किंवा आवाजही येत नसेल, तर बिघाड वेगळा आहे आणि टीव्ही माझ्यापर्यंत आणण्याचा त्रास घेऊ नका, असे मी तिथेच सांगते. ग्राहकाचे वाहतुकीचे पैसे वाचतात आणि माझे टेबल मोकळे राहते.

एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण त्यात या कामाचे सगळे टप्पे आले.

जूनमध्ये एक निवृत्त काका त्यांचा ४३ इंची टीव्ही घेऊन आले. तो आधी दुसरीकडे उघडला गेला होता. तिथे जळालेला एकच दिवा बदलून दिला होता आणि काही आठवड्यांत पडदा पुन्हा काळा झाला होता. “आता तुम्ही नाही म्हणालात तर नवाच घेतो,” असे ते म्हणाले. मी जॉब कार्ड भरले: मॉडेल आणि अनुक्रमांक, बाहेरून दिसणारे ओरखडे, स्टँड आणि रिमोट दिला की नाही, तक्रार त्यांच्याच शब्दांत. टीव्ही आधी उघडला गेला आहे हेही लिहिले, कारण अशा संचात काही खिट्ट्या तुटलेल्या किंवा स्क्रू कमी असू शकतात. त्याखाली जोखमीचा मजकूर असतो आणि तो मी मोठ्याने वाचून दाखवते: काच उचलताना ती तडकण्याची शक्यता असते, तसे झाल्यास मजुरी घेतली जाणार नाही, मात्र नवे पॅनेल देता येणार नाही. काकांनी तो पुन्हा स्वतः वाचला, “तडकली तर भंगारात जायचा होता तो तसाच जाईल,” असे म्हणून सही केली. तपासणीची ठरावीक रक्कम आधी घेतली. ती पुढे बिलातून वजा होते आणि दुरुस्ती नाकारली तर परत मिळत नाही. ही रक्कम मागताना सुरुवातीला मला फार संकोच वाटत असे, पण तपासणीला जाणारा वेळ फुकट धरला तर अशी सेवा टिकत नाही.

मागचे झाकण काढल्यावर आधी पावर सप्लायमधील मोठा कपॅसिटर रिकामा झाला आहे याची मल्टिमीटरने खात्री केली. प्लग काढल्यावरही त्यावर ३०० ते ४०० व्होल्ट राहू शकतात, त्यामुळे हा टप्पा कधीही गाळू नये. मग टीव्ही सुरू करून बॅकलाइटच्या जोडणीवरील व्होल्टेज पाहिला. तो झपाट्याने वर चढला आणि लगेच खाली पडला. याचा अर्थ बॅकलाइटला वीज पुरवणारा ड्रायव्हर काम करत होता, पण पुढे मार्ग तुटलेला असल्याने त्याने स्वतःला बंद करून घेतले. व्होल्टेज मुळीच वर गेला नसता, तर पट्ट्यांआधी ड्रायव्हर आणि त्याला मिळणारा ‘सुरू हो’ हा इशारा तपासावा लागला असता. पावर सप्लायपासून जोडणी सोडवून टेस्टर लावला तेव्हाही माळ पेटली नाही. निदान पक्के झाले.

यानंतरचा भाग सर्वांत नाजूक. काचेच्या एका कडेला पातळ, लवचिक फितींची रांग असते आणि ती काचेला एका अरुंद बोर्डाशी जोडते. ही फीत मुडपली किंवा ताणली गेली की पडद्यावर कायमची उभी रेष येते, आणि साध्या साधनांनी ती दुरुस्त होत नाही. म्हणून आधी मदरबोर्डकडे जाणारी जोडतार सोडवायची, तो अरुंद बोर्ड चौकटीपासून मोकळा करायचा, मग पुढची किनार काढायची, आणि त्यानंतरच सक्शन कपने काच सरळ वर उचलायची. उचलताना बोर्ड काचेच्याच पातळीत राहिला पाहिजे. तो लोंबकळला की फितीवर ताण येतो. ४३ इंची काच मी माझ्या भाचीच्या मदतीने उचलते आणि ५५ इंचांच्या पुढचे संच सध्या घेत नाही. काच ठेवण्यासाठी भिंतीलगत फोम लावलेला आडवा लाकडी कप्पा करून घेतला आहे. या सगळ्या उभारणीत सर्वांत उपयोगी पडलेली वस्तू तीच.

काचेखाली तीन पातळ शीट निघाल्या. त्यांचा क्रम आणि दिशा बदलली तर चित्र ढगाळ दिसते, म्हणून कोपऱ्यावर कागदी चिकटपट्टीने क्रमांक लिहून फोटो काढला. त्याखालच्या पांढऱ्या परावर्तक कागदातून दिव्यांची भिंगे वर आलेली होती. तीन पट्ट्या, प्रत्येकी आठ दिवे, म्हणजे एकूण चोवीस. एकेक दिवा टेस्टरने तपासला. आधी बदललेला दिवा पेटत होता. त्याच्या शेजारच्या पट्टीवरील एक पूर्ण गेला होता, आणि आणखी काहींचा मधला पिवळा भाग तपकिरी पडला होता. सर्व दिवे सारखेच तास आणि सारख्याच उष्णतेत चाललेले असतात, त्यामुळे एक गेला की बाकीचे मागोमाग जाणारच. एकच दिवा बदलण्यात थोडे पैसे वाचतात, पण काच पुन्हा उचलण्याची जोखीम पदरात पडते. मी पट्ट्यांचा पूर्ण संचच बदलते आणि ग्राहकाला ते मान्य नसेल तर काम घेत नाही.

आता सुट्या भागांचा प्रश्न. टीव्हीच्या मॉडेल क्रमांकावरून पट्ट्या मागवू नयेत. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या खेपांमध्ये वेगवेगळ्या पट्ट्या असू शकतात. पट्टीवर छापलेला सांकेतिक क्रमांक, तिची लांबी, दिव्यांची संख्या आणि त्यांतील अंतर, जोडणीचा प्रकार आणि प्रत्येक दिव्याचा व्होल्टेज हे सगळे जुळले पाहिजे. या संचातील दिवे ३ व्होल्टचे होते, म्हणजे चोवीस दिव्यांच्या माळेला साधारण ७२ व्होल्ट. ६ व्होल्टचे दिवे असलेल्या पट्ट्या दिसायला सारख्याच असतात, पण लावल्या तर माळेला दुप्पट व्होल्टेज लागतो आणि ड्रायव्हर तो देऊ शकत नाही. पट्टीवरचा क्रमांक संच उघडल्याशिवाय दिसत नाही, त्यामुळे मागणी नोंदवेपर्यंत काच बाहेरच ठेवावी लागते. काकांच्या टीव्हीचा भाग यायला दोन आठवड्यांहून अधिक काळ लागला. पहिल्याच दिवशी मी त्यांना महिन्याची मुदत सांगितली होती, म्हणून त्यांचा एकदाच फोन आला. मुदत नेहमी सुट्या भागाच्या उशिराचा विचार करून सांगावी.

युरोपीय संघात १ मार्च २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार टीव्हीचा अंतर्गत पावर सप्लाय, जोडण्यांचे सॉकेट, कपॅसिटर असे काही भाग, त्या मॉडेलचा शेवटचा संच बाजारात आल्यानंतर किमान ७ वर्षे व्यावसायिक दुरुस्तीकारांना मिळाले पाहिजेत. कोणते संच घ्यायचे याची मर्यादा ठरवताना मी त्या ७ वर्षांचा आधार घेतला. त्याहून जुन्या टीव्हीसाठी मी आधी पट्टी मिळते का ते पाहते आणि मगच होकार देते.

नव्या पट्ट्या आल्यावर जुना चिकट थर पुसून त्या बसवल्या. पट्टीची पाठ धातूच्या पत्र्याला सर्वत्र टेकली पाहिजे, कारण उष्णता तिथूनच बाहेर जाते. प्रत्येक भिंग बोटाने हलकेच दाबून घट्ट आहे की नाही ते पाहिले. भिंग निसटले की पडद्यावर त्या जागी पांढरा, प्रखर ठिपका दिसतो. त्यानंतर ड्रायव्हरचा प्रवाह थोडा कमी केला. या बोर्डावर प्रवाह ठरवणारे चार सारखे छोटे रोधक समांतर जोडलेले होते. त्यातील एक काढला की एकूण रोध एक तृतीयांशाने वाढतो आणि प्रवाह तीन चतुर्थांशावर येतो. डोळ्याला उजेड जेमतेम कमी जाणवतो, पण दिवे बरेच कमी तापतात. प्रत्येक बोर्डाची रचना अशीच असते असे नाही, म्हणून रोधक ओळखता आले नाहीत तर मी बोर्डाला हात लावत नाही, फक्त टीव्हीच्या सेटिंगमधील बॅकलाइट कमी करून देते. बऱ्याच टीव्हींमध्ये ती मूळची सर्वांत वरच्या पातळीवर असते आणि माझ्या मते दिवे लवकर जाण्यामागे हे एक मोठे कारण आहे.

काच परत बसवण्यापूर्वी उघडी माळ तासभर चालू ठेवली आणि एकही दिवा लुकलुकत नाही याची खात्री केली. शीट ठेवताना हवेच्या फुंकणीने धूळ उडवली; आत राहिलेला एक कण पडद्यावर कायमचा काळा ठिपका बनतो. मग काच, अरुंद बोर्ड, किनार, मागचे झाकण. टीव्ही पूर्ण जोडून झाल्यावर तो संध्याकाळपासून रात्रीपर्यंत सलग चालवला, त्यावर एकदा पूर्ण पांढरे आणि एकदा पूर्ण राखाडी चित्र ठेवून उजेड सगळीकडे सारखा आहे का ते पाहिले. राखाडी चित्रावर दोष लवकर दिसतात.

काका न्यायला आले तेव्हा मी जुन्या पट्ट्या त्यांना दाखवल्या आणि तपकिरी पडलेले दिवे ओळीने मोजून दिले. बदललेले भाग दाखवणे हा माझ्या कामाचा ठरलेला भाग आहे. एकूण बिल नव्या टीव्हीच्या किमतीच्या एक पंचमांशाच्या आसपास झाले. त्यात निम्म्याहून अधिक मजुरी होती आणि ती का, हे त्यांना काच उचलण्याचा फोटो पाहून पटले. अंदाज नव्या संचाच्या किमतीच्या ४० टक्क्यांच्या पुढे जात असेल तर मी स्वतःहून दुरुस्ती न करण्याचा सल्ला देते, कारण जुन्या संचात पुढे दुसरा भाग जाण्याची शक्यता असतेच. हमी सहा महिन्यांची, आणि ती फक्त पट्ट्या व माझ्या कामापुरती. पॅनेल, मदरबोर्ड किंवा विजेच्या चढउताराने झालेले नुकसान तिच्यात येत नाही. हे बिलावर छापलेले असते.

सेवा चालू झाल्यानंतर ज्या एका गोष्टीने मला सर्वाधिक अडचणीत टाकले, ती म्हणजे न नेलेले टीव्ही. दुरुस्ती झाल्यावर काही ग्राहक महिनोन्‌महिने येत नाहीत, आणि एका खोलीच्या जागेत चार संच पडून राहिले की नवे काम घेता येत नाही. आता जॉब कार्डावर अशी अट आहे की तयार झाल्याचे कळवल्यापासून तीस दिवसांनंतर ठेवण्याचे रोजचे शुल्क लागेल आणि नव्वद दिवसांनंतर लेखी सूचना देऊन पुढील निर्णय घेतला जाईल. न नेलेली वस्तू विकण्याचा किंवा मोडीत काढण्याचा अधिकार दुरुस्तीकाराला कधी मिळतो याचे नियम ठिकठिकाणी वेगळे असल्याने, ही अट छापण्यापूर्वी मी ती वकिलांकडून तपासून घेतली आणि ‘विल्हेवाट’ हा शब्द त्यांच्या सांगण्यावरून काढून टाकला. सोबत आगाऊ रक्कमही बदलली: भाग मागवण्यापूर्वी आता पट्ट्यांची पूर्ण किंमत घेते. ही रक्कम भरलेला ग्राहक टीव्ही न्यायला सहसा आठवड्याच्या आत येतो.